डबे सुरू करण्याआधी

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या हाताला चव आहे, त्यामुळे घरून जेवणाचे डबे विकायचा विचार मला मनापासून पटला. पण पोळ्यांच्या मशीनला आणि गाळ्याच्या डिपॉझिटला हात घालण्याआधी दोन आठवडे घरच्याच ओट्यावर, आहेत त्या भांड्यांत करून बघा. एफएसएसएआयची नोंदणी मात्र आधीच करून घ्या.

माझ्या मामेबहिणीने सातपूरला असंच केलं. बारा गिऱ्हाईकं, नात्यातलं कुणी नाही, डबा 80 रुपये, आठवड्याचे पैसे आगाऊ. फुकट चव दिली नाही, कारण फुकटचा डबा सगळ्यांनाच आवडतो. पहिला डबा जाण्याआधीच तिने वहीत दोन अटी लिहून ठेवल्या: बारापैकी आठ जणांनी दुसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा पैसे भरले पाहिजेत, आणि रोज निदान 300 रुपये हातात उरले पाहिजेत. एक अट बसली नाही तर फक्त एकच गोष्ट बदलून अजून एक आठवडा, आणि तरीही नाही जमलं तर थांबायचं. आधी लिहिणं फार गरजेचं आहे रे. दोन आठवडे राबल्यावर माणूस सहा जणांनाही ‘बरे आहेत’ म्हणतो.

हिशेब असा निघाला. किराणा-भाजी 41, गॅस धंद्याच्या सिलिंडरच्या भावाने 6, पेट्रोल 8. डब्यामागे 25 उरले, म्हणजे बारा डब्यांचे 300. पाच तासांचं काम धरलं तर तासाला 60 रुपये. हा आकडा वहिनींसमोर ठेव, त्यांना तो परवडतो का ते त्यांनीच सांगू दे.

पुन्हा पैसे मात्र सातच जणांनी भरले. विचारलं तर सगळे ‘छान आहे’ म्हणायचे. खरं कळलं ते परत आलेल्या डब्यांतून. भाजीचा वाडगा पुसल्यासारखा, आणि पोळी अर्धी उरलेली, चिवट, खालची ओली. तव्यावरून काढलेल्या पोळ्या लगेच भरल्या जायच्या, त्यांना वाफ धरायची. तिसऱ्या आठवड्यात तिने पोळ्या सुती कापडावर पसरून निवल्यावरच भरल्या, बाकी काहीच बदललं नाही. नऊ जणांनी पैसे भरले. मग तिने मोठी परात आणि दुसरा तवा घेतला. मशीन अजून घेतलेलं नाही.

तुम्ही पंधरवडा निवडताना श्रावण आणि सणवार टाळा. उपासाच्या दिवशी डबे बंद राहतात आणि आकडे फसवे येतात. तुमची गिऱ्हाईकं होस्टेलची पोरं आहेत, तेव्हा परीक्षेनंतरच्या सुट्टीत काय होईल हे दोन आठवड्यांत कळणार नाही. त्यासाठी गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा करण्याआधी एक सुट्टी जाऊ दे.

तुमच्या दोन अटी काय ठरल्या ते मला आधी कळव, वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
प्रशांत