स्लॅबचं काम सकाळी सुरू करा : सोसायटीच्या समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
स. न.

आवारात नव्या विंगचं काम सुरू झाल्यापासून आमची झोप उडाली आहे. तक्रार केली की समितीकडून एकच उत्तर येतं : "काँक्रीटचं काम मध्येच थांबवता येत नाही." हे उत्तर मुळात कंत्राटदाराचं आहे आणि ते अर्धंच खरं आहे.

स्लॅब भरायला घेतला की आधी ओतलेलं काँक्रीट घट्ट होण्यापूर्वी पुढचं त्याला भिडावं लागतं. नाहीतर दोन्ही एकजीव होत नाहीत, तिथे कोल्ड जॉइंट राहतो आणि पुढे गळतीची भीती असते. म्हणून काम सलग चालावं, हे मान्य. पण ते रात्री का? समजा, स्लॅबला ९० घनमीटर काँक्रीट लागतं. एका मिक्सर गाडीतून ६ घनमीटर येतं, म्हणजे १५ गाड्या. गाडीमागे अर्धा तास धरला तरी साडेसात तास होतात. सकाळी ७ ला सुरुवात झाली तर दुपारी अडीचला काम आटोपतं, आणि पंप बंद पडलाच तर हाताशी संध्याकाळ असते. इथे मात्र सळ्यांची बांधणी आणि तपासणी त्याच दिवशी उरकतात, पहिली गाडी चारनंतर येते आणि व्हायब्रेटर मध्यरात्रीपर्यंत घरघरत राहतो. तपासणी आदल्या दिवशी झाली तर हा प्रश्नच येणार नाही. जड वाहनांच्या बंदीमुळे वेळ पुरत नसेल तर स्लॅब दोन दिवसांत भरता येतो. जोड कुठे घ्यायचा ते स्ट्रक्चरल इंजिनिअर आधीच ठरवून देतो.

शिवाय स्लॅब काही रोज पडत नाही. इतर रात्री ट्रकमधून सळ्यांची मोळी जमिनीवर आदळते, मग कटर सुरू होतो. या कामांना तर सलगतेचीही सबब नाही. मोबाइलवर सरासरी आवाज मोजून "फार नाही" म्हणू नका. माणूस दचकून उठतो तो त्या एका दणक्याने, आणि सरासरीत तो दणका बुडून जातो.

मोजण्याची गरजही नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायला मनाई आहे. रहिवासी पोलिसांकडे जाऊ शकतात. पण काम सोसायटीनेच दिलेलं असताना ती वेळ का यावी?

वर्क ऑर्डरमध्ये कामाची वेळ लेखी घाला. स्लॅबची पहिली गाडी सकाळी ९ पर्यंत आली नाही तर त्या दिवशी काम सुरूच करू देऊ नका. गेटवरच्या रजिस्टरमध्ये रात्री आलेल्या प्रत्येक ट्रकची वेळ लिहून घ्या आणि कंत्राटदाराचं पुढचं बिल ते रजिस्टर पाहूनच मंजूर करा. पुढचा स्लॅब भरण्याआधी लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपला,
एक सभासद