जगातलं सगळं सोनं विकायला निघत नाही

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

सोन्याचा भाव चढला की जगातल्या एकूण सोन्याची किंमत रोखे आणि शेअर बाजारांच्या शेजारी मांडणारे लेख येऊ लागतात. आपल्या दैनिकातही परवा तसा लेख आला. त्यातले आकडे चुकीचे नव्हते, पण ते कसे काढतात हे त्यात नव्हतं, आणि खरी गोम तिथंच आहे. बँकेत बरीच वर्षं सोने तारण कर्जाचं काम केलेला माणूस म्हणून राहवलं नाही.

तुलना करायची तर तिन्ही आकडे एकाच तारखेचे हवेत. 2024 ची अखेर धरू. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या अंदाजाप्रमाणे आजवर खणून काढलेलं सोनं तेव्हा सुमारे 2 लाख 16 हजार टन होतं. टनाचे औंस करून त्या दिवसाच्या औंसाला साधारण 2,610 डॉलर या भावानं गुणलं की 18 लाख कोटी डॉलर येतात. त्याच सुमारास जगातल्या शेअरचं बाजारमूल्य सुमारे 127 लाख कोटी आणि रोखे सुमारे 145 लाख कोटी डॉलरचे होते. म्हणजे सोनं शेअर बाजाराच्या सातव्या हिश्शाएवढं.

आता हा गुणाकार जरा जवळून बघा. शेवटच्या सौद्याचा भाव घ्यायचा आणि तो जगातल्या प्रत्येक ग्रॅमला लावायचा, असा तो हिशेब आहे. पण ज्या सोन्याचा सौदाच होत नाही त्याचं काय?

गेल्या वर्षी आईचा साज घेऊन गुजरीत गेलो होतो. विकायचा नव्हता, भावंडांत वाटणी होती म्हणून किंमत काढायची होती. काट्यावर 42 ग्रॅम भरला. सोनारकाकांनी मणी उचलून दाखवले, ‘आत लाख हाय, ती वजा जाणार.’ त्यांच्या अंदाजानं सोनं 31 ग्रॅमच होतं, तेही 22 कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं साडेअठ्ठावीस ग्रॅमच्या आत. आटणीची घट निराळी. हे सगळं ऐकून धाकटी बहीण म्हणाली, ‘दादा, हा मोडायचा नाही. वहिनीकडं राहू दे.’ साज पुन्हा डबीत गेला. जगाच्या 18 लाख कोटींत मात्र तो पूर्ण भावानं धरलेला आहे.

जगातलं साधारण 45 टक्के सोनं असंच दागिन्यांत आहे, सुमारे 97 हजार टन. 2024 मध्ये भाव पाव हिश्शानं वाढला, तरी मोडीतून वर्षभरात बाजारात आलं ते जेमतेम 1,370 टन. चिपा, नाणी, सोन्याचे ईटीएफ आणि मध्यवर्ती बँकांच्या तिजोऱ्या मिळून 40 टक्के होतात, साधारण 7 लाख कोटी डॉलर. रोखे-शेअरशी तुलना करायची ती या आकड्याची. तिथं शंभर रुपयांच्या रोखे-शेअरपुढं सोनं जेमतेम अडीच रुपयांचं उरतं. त्यातही मध्यवर्ती बँका सहसा विकत नाहीत.

हे महत्त्वाचं का, ते सांगतो. समजा, रोखे आणि शेअर बाळगणाऱ्यांनी त्यातला एकच टक्का सोन्यात घालायचं ठरवलं. ती रक्कम झाली 2.7 लाख कोटी डॉलर. जगातल्या खाणी वर्षाला साधारण 3,600 टन सोनं काढतात, 2024 अखेरच्या भावानं 0.3 लाख कोटींचं. म्हणजे नऊ वर्षांचं उत्पादन एकदम हवं. ते मिळणार कुठून? ज्यांच्याकडं आहे त्यांनी सोडलं तरच. रोख्यांना मागणी आली तर सरकार नवे रोखे काढतं; सोनं तसं काढता येत नाही. म्हणून डबी उघडेपर्यंत भावच चढत राहतो. अर्थात विमा कंपन्या आणि बँकांना नियमांमुळे रोखे सहजी सोडता येत नाहीत, तेव्हा तो एक टक्काही एकदम हलणार नाही.

उतरतानाही हाच नियम. एप्रिल 2013 मध्ये दोन दिवसांत भाव सुमारे 13 टक्के पडला. जगातलं सोनं गुंजभरही कमी झालं नव्हतं, पण कागदावरचे एक लाख कोटींहून अधिक डॉलर गेले. आमच्या शाखेत त्यानंतरच्या आठवड्यात तारणाची खाती काढून बसलो, तेव्हा चढ्या भावाला कर्ज उचललेल्यांच्या सोन्याची किंमत कर्जाच्या अगदी लगत आली होती. त्यातले बरेचसे शेतकरी होते. ऊसबिल यायला अवकाश होता, आणि काहींना फरकाची रक्कम भरा म्हणून सांगावं लागलं.

तेव्हा एकूण मूल्याचा आकडा छापताना त्याशेजारी दागिने किती आणि विक्रीला येऊ शकणारं सोनं किती, हेही छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर