‘ताप उतरला ना?’ विचारण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या सांगली-मिरजेत घराआड एक मूल तापाने आजारी आहे. ओळखीतलं कोणाचं लेकरू दवाखान्यात ठेवलं की मैत्रिणीला काय लिहावं, याबद्दल थोडं लिहायचं आहे. गेल्या पावसाळ्यात माझा चार वर्षांचा मुलगा डेंग्यूने मिरजेत सहा दिवस ॲडमिट होता, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करते.

चौथ्या दिवशी पहाटे त्याचा ताप उतरला. घरून ती बातमी पसरली आणि फोनवर मेसेज सुरू झाले, ‘ताप उतरला ना? मग घरी कधी सोडणार?’ विचारणारे सगळे मायेचे होते. पण त्याच सकाळी डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं की डेंग्यूत खरं जपायचं असतं ते ताप उतरल्यावर. पुढच्या एक-दोन दिवसांत काही मुलांच्या रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब ढासळू शकतो. पोट खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हातपाय गार पडणं, मूल गळून पेंगुळणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सांगा, असं त्यांनी बजावलं होतं. मी वहीत लिहीत बसले होते, किती घोट पाणी प्यायला, लघवी किती झाली. आणि त्या वेळी प्रत्येकाला ‘नाही हो, अजून धोका आहे’ असं लिहावं लागत होतं. तेच वाक्य दहा वेळा लिहिताना माझे हात कापत होते.

दुसरा प्रश्न प्लेटलेटचा. ‘आज किती?’ असं सकाळ-संध्याकाळ विचारणारे होते. आकडा खाली गेला की फोनच येत, ‘अजून प्लेटलेट का चढवत नाहीत?’ खरं तर ताप गेल्यावरही आकडा एक-दोन दिवस उतरत राहू शकतो. रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यावरून प्लेटलेट सहसा चढवत नाहीत. डॉक्टरांचं लक्ष मुलाकडे असतं, आकडा हा त्यातला एक भाग. पण बाहेरून आलेल्या प्रत्येक प्रश्नाने मला वाटायचं की आपलंच काहीतरी चुकतंय. पपईच्या पानांच्या रसाचे व्हिडिओही आले. ज्या पोराच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता, त्याला कडू रस कसा पाजणार होते मी?

त्या सहा दिवसांत आधार वाटला तो विश्रामबागेतल्या माझ्या शेजारणीच्या एका मेसेजचा. त्यात प्रश्नच नव्हता. म्हणून या महिन्यात माझ्या मैत्रिणीची अडीच वर्षांची मुलगी ॲडमिट झाली, तेव्हा मी तिला त्याच धर्तीवर लिहिलं:

‘छकुलीचं कळलं. उत्तर देत बसू नकोस. उद्या साडेबाराला मऊ भात, वरण आणि दोन भाकरी घेऊन येते, खाली मेडिकलपाशी ठेवीन, वर येणार नाही. दादाला तीन दिवस शाळेतून मी आणते, रात्री तो आमच्याकडेच जेवेल. यातलं काही नको असेल तर नुसतं “नको” लिही.’

‘काही लागलं तर सांग’ असं मी मुद्दाम लिहिलं नाही. काय लागेल हे शोधायचं आणि मग संकोच मोडून मागायचं, ही दोन्ही कामं त्यात तिच्याच गळ्यात पडतात. वेळ, जागा आणि पदार्थ लिहिला की तिला फक्त हो किंवा नको ठरवायचं असतं. भेटायलाही गेले नाही. तान्ह्या-लहान मुलांच्या वॉर्डात माणसांची ये-जा जितकी कमी तितकी बरी, आणि आईला चार तासांत मिळालेली वीस मिनिटांची झोप आपल्या भेटीपायी मोडते.

आणखी एक सांगते, कारण ते माझ्या मनाला फार लागलं होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी माझ्या मुलाचा हाताला सलाईन लावलेला फोटो ‘प्रार्थना करा’ म्हणून टाकला. तो फोटो मी फक्त माझ्या बहिणीला पाठवला होता. आईने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये, एवढी विनंती सगळ्यांना आहे.

मैत्रिणीने पहिले दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही, डबा ठेवत राहिले, रिकामा उचलत राहिले. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘उद्या भाकरी एकच पाठव. आणि दादाला म्हणावं, छकुलीने आज खिचडी मागितली.’

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली