बीजगणिताचा पेपर आणि बारा मिनिटे

महोदय,
मी ठाण्यात दहावीला गणित शिकवते. गेल्या सराव परीक्षेत माझ्या एका विद्यार्थ्याने प्रश्न 4 मधल्या एका शाब्दिक उदाहरणावर पंचवीस मिनिटे घालवली. उत्तर आले नाही म्हणून त्याने सगळे खोडले आणि आधीच्या प्रश्नांतल्या, नंतरसाठी ठेवलेल्या कृती सोडवायला वेळच उरला नाही. त्याला गणित येत होते, हे विशेष.

बीजगणिताचा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे आणि चार गुणांच्या उदाहरणाला फार तर बारा. बारा झाली की जागा सोडून पुढे जायचे. लिहिलेले मात्र खोडायचे नाही. 'लहान संख्या x मानू' आणि त्यावरून मांडलेले समीकरण, एवढ्यालाही पायरीनुसार गुण मिळतात. खोडल्यावर परीक्षक कशाला गुण देणार?

2(अ) आणि 3(अ) मधल्या कृतींचे सात गुण असतात. त्यातल्या पायऱ्या छापलेल्याच असतात, फक्त चौकटी भरायच्या. कृती उत्तरपत्रिकेत उतरवून पूर्ण करावी. म्हणून मी मुलांना त्या आधी सोडवायला सांगते.

त्या मुलाने परवा घड्याळ लावून तोच पेपर पुन्हा सोडवला. ते उदाहरण अर्धेच राहिले, पण कृती झाल्या. पालकांनी घरी आल्यावर 'किती सुटले?' विचारण्याआधी जेवायला वाढावे, एवढी विनंती.

— एक शिक्षिका, कोपरी, ठाणे (पूर्व)