साबण स्वस्त झाला, पण कंपोझिशनचा रुपया तसाच राहिला

प्रति,
संपादक,

महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर उतरले आणि साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे असा किराणा दुकानातला बराच माल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने या बदलाची चर्चा भरपूर झाली. मात्र कंपोझिशन योजनेत असलेल्या छोट्या दुकानदाराचा हिशेब यामुळे कसा उलटला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मी स्वतः काही वर्षे या योजनेत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मालाची विक्री करणाऱ्या दुकानदाराची वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असेल, तर महाराष्ट्रात त्याला कंपोझिशन निवडता येते. त्यात करपात्र विक्रीवर सरसकट १ टक्का कर भरायचा असतो. हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, तो आपल्या खिशातून जातो, आणि खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिटही मिळत नाही. नियमित करदाता मात्र विक्रीवरील करातून खरेदीवरील कर वजा करून उरलेली रक्कम भरतो. म्हणजे त्याचा बोजा पूर्ण विक्रीवर नसून फक्त त्याच्या मार्जिनवर पडतो. सगळा फरक येथेच आहे, आणि सल्लागाराकडे गेल्यावर "उलाढाल दीड कोटीच्या आत आहे ना, मग कंपोझिशनच घ्या" एवढ्यावर विषय संपतो, तेव्हा नेमकी हीच बाब तपासायची राहून जाते.

साधे उदाहरण घेतो. ग्राहकाला शंभर रुपयांना विकलेला साबण मी वितरकाकडून करासह ८८ रुपयांना घेतला, तर माझे मार्जिन बारा रुपये. कंपोझिशनमध्ये या विक्रीवर मला एक रुपया भरावा लागतो. साबणावर १८ टक्के कर होता तेव्हा नियमित दुकानदाराला या बारा रुपयांतून सुमारे १ रुपया ८३ पैसे सरकारला द्यावे लागत, म्हणून माझा एक रुपया स्वस्त होता. आता ५ टक्के दराने त्याला सुमारे ५७ पैसेच द्यावे लागतात, आणि माझा मात्र तो एक रुपया तसाच आहे. दर बदलले तरी कंपोझिशनचा टक्का जागचा हललेला नाही.

यावरून एक ढोबळ कसोटी निघते. १८ टक्क्यांच्या मालावर विक्री किमतीच्या साधारण साडेसहा टक्क्यांपेक्षा जास्त मार्जिन असेल, तर कंपोझिशन फायद्याचे. ५ टक्क्यांच्या मालासाठी मात्र तेच मार्जिन २१ टक्क्यांच्या वर असावे लागते, आणि पॅकबंद किराणा मालात २१ टक्के सुटतात असे सांगणारा व्यापारी मला तरी अजून भेटलेला नाही. माझ्या शेजारच्या कापड दुकानाची गोष्ट वेगळी आहे. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवरही ५ टक्केच कर आहे, पण तेथे चाळीस टक्क्यांपर्यंत मार्जिन मिळते, म्हणून त्यांनी कंपोझिशन सोडण्याचे कारण नाही. म्हणजे एकाच गल्लीतल्या, सारख्याच उलाढालीच्या दोन दुकानांसाठी उत्तर वेगवेगळे येते.

माझ्या दुकानाचे आकडे सोयीसाठी पूर्णांकात देतो. वर्षाची विक्री ९६ लाख. त्यातील १६ लाखांची विक्री सुट्या धान्याची व डाळींची, जिच्यावर कर नाही आणि म्हणून कंपोझिशनचा १ टक्काही नाही. उरलेल्या ८० लाखांवर मी ८० हजार रुपये भरतो. जुन्या दरांनी यातील सुमारे ५० लाखांचा माल १८ टक्क्यांत आणि ३० लाखांचा ५ टक्क्यांत होता. मार्जिन सरासरी बारा टक्के धरले, तर नियमित पद्धतीने मला वर्षाला सुमारे १ लाख ९ हजार रुपये भरावे लागले असते. आता ७२ लाखांचा माल ५ टक्क्यांत आला आणि डिटर्जंटसारखा ८ लाखांचाच माल १८ टक्क्यांत राहिला. विक्रीचा आकडा तोच धरला, तर नियमित पद्धतीचा कर सुमारे ५६ हजार होतो. सल्लागाराची फी वर्षाला बारा हजारांनी वाढेल असे धरूनही, कंपोझिशनमध्ये राहिल्याने माझे बारा हजार रुपये जादा जातात.

नियमित पद्धत म्हटली की दर महिन्याच्या रिटर्नची भीती घातली जाते. ही भीती पूर्ण खरी नाही. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना GSTR-1 आणि GSTR-3B तिमाहीने भरता येतात, मधल्या दोन महिन्यांचा कर तेवढा २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो. दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीचे बिल नोंदणी नसलेला ग्राहक मागत नसेल, तर दिवसअखेर एकत्रित बिल करता येते. खरी कटकट खरेदीच्या बाजूला आहे. वितरकाने त्याचे रिटर्न वेळेवर भरले नाही, तर ते बिल आपल्या GSTR-2B मध्ये दिसत नाही आणि आपले क्रेडिट अडकते. म्हणून कर भरण्यापूर्वी खरेदीची वही त्या पत्रकाशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि सतत उशीर करणाऱ्या वितरकाला सोडण्याची तयारीही ठेवावी लागते.

योजना सोडायची असेल तर CMP-04 भरून वर्षाच्या मध्येही सोडता येते. शिल्लक मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, पण त्यासाठी ३० दिवसांत ITC-01 भरावे लागते आणि बिले एक वर्षाच्या आतली व आपल्या जीएसटी क्रमांकाची असावी लागतात. येथे बरेच जण फसतात. क्रेडिट मिळत नाही म्हणून कंपोझिशनमधला दुकानदार बिलावर आपला क्रमांक घालून घेत नाही, आणि बाहेर पडताना गोदामातल्या मालाचा पुरावाच हाती नसतो. माझ्याकडे निम्म्या मालाची अशी बिले निघाली, बाकीच्यांवर नुसते दुकानाचे नाव होते. परत योजनेत यायचे तर CMP-02 हे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत भरावे लागते, आणि तेव्हा शिल्लक मालावर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते. त्यामुळे दरवर्षी उड्या मारणे परवडत नाही.

व्यापाऱ्यांसाठीचा १ टक्का दर ठरला, तेव्हा किराणा मालाचा मोठा भाग १८ टक्क्यांत होता. ज्या दुकानदाराचा बहुतांश माल आता ५ टक्क्यांत आहे, त्याच्यासाठी हा दर अर्ध्यावर आणण्याचा विचार जीएसटी परिषदेने करावा, अशी मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरावी. ते होईपर्यंत, ३१ मार्चपूर्वी वरील हिशेबाचा साधा तक्ता आपल्या वृत्तपत्रात छापावा, ही विनंती.

आपला,
एक किराणा दुकानदार,
कराड