मंत्रीसाहेब, ४० कप्पे लोक भरतायत, दार उघडणाऱ्या माणसाचं तेवढं तुम्ही बघा

मा. ग्रंथालय मंत्री यांस,
नमस्कार.

आमच्या गावाच्या वाचनालयासाठी आम्ही ऑनलाइन वर्गणी गोळा करतोय आणि त्याचा हिशेब मी लिहिते. हे पत्र उघड लिहितेय कारण ज्यांनी पैसे दिलेत त्यांनाही ते वाचता यायला हवं, आणि जे मागणं आहे ते शेवटी तुमच्याकडेच आहे. पण आधी पैशाचं काय होतंय ते सांगते, म्हणजे मागणं का करतेय ते कळेल.

पहिल्या वेळी आम्ही चूक केली. नुसतं "वाचनालयाला पुस्तकं द्या" असं आवाहन केलं आणि पोत्यांनी पुस्तकं आली. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, त्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण पोती उघडली तर जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, तीन खंडांतला मधलाच एक खंड, पाठ्यपुस्तकं, आणि काही पुस्तकांना तो ओलसर कुबट वास. हा वास आला की पुस्तक बाकीच्यांत ठेवायचंच नाही हे आम्ही तेव्हा शिकलो, कारण बुरशी असलेलं एक पुस्तक दमट कपाटात गेलं की शेजारची पण खराब होतात. पानांवर राखाडी किंवा हिरवट ठिपके, शिवणीत बारीक भुसा, कडा कुरतडलेल्या, असं काही दिसलं की ते पुस्तक वेगळ्या खोक्यात ठेवून, कोरडं करून काही आठवडे बघत राहावं लागतं. एवढं सगळं करून ठेवण्यासारखी पुस्तकं दहातली जेमतेम दोन निघाली. बाकीच्यांचं काय करायचं हा नवा प्रश्न, आणि त्यात आमचे दोन महिने गेले.

मग आम्ही बसून खोली मोजली. खोली १८ बाय १२ फुटांची, एक दार, दोन खिडक्या. आमच्या डोक्यात २००० पुस्तकांचं वाचनालय होतं. ३ फुटांच्या कप्प्यात साधारण २७ पुस्तकं गच्च बसतात, पण गच्च भरलेल्या कप्प्यातून पुस्तक ओढताना त्याची पाठ वरून फाटते, आणि नवीन आलं तर ठेवायला जागा नसते, म्हणून कप्पा पाऊण भरायचा असतो, म्हणजे २० पुस्तकं. पाच कप्प्यांच्या रॅकमध्ये १००. २००० पुस्तकांना २० रॅक, म्हणजे ६० फूट भिंत, आणि खोलीच्या चारही भिंती मिळून होतात ६० फूट, दार खिडक्या धरून! मग बसायचं कुठे? म्हणून ८ रॅक आणि ८०० पुस्तकं ठरली, आणि मधली जागा एका मोठ्या टेबलाला आणि सतरंजीला सोडली.

इथून पुढे सगळं सोपं झालं, कारण वर्गणी कशाची मागायची ते सापडलं. आम्ही पुस्तक मागणं बंद केलं आणि "कप्पा" मागायला लागलो. ८ रॅक गुणिले ५, म्हणजे ४० कप्पे. कोणी अख्खा कप्पा घेतं, कोणी चौघं मिळून एक. एका कप्प्यात काय काय आहे ते पैसे देणाऱ्याला आधीच लिहून दिलंय, आणि तेच तुम्हाला पण सांगते.

कप्प्याच्या पैशातला निम्म्याहून थोडा जास्त भाग २० पुस्तकांचा. पण ही २० एकदम घेत नाही. उघडायच्या दिवशी कप्प्यात १४ असतील आणि ६ पुस्तकांचे पैसे मागणी वहीसाठी राखलेत. दारापाशी एक वही ठेवणार, वाचकाने हवं असलेलं पुस्तक त्यात लिहायचं, आणि तीन महिन्यांनी त्या वहीतून खरेदी. म्हणजे ५६० पुस्तकं आमच्या अंदाजाने आणि २४० गावाच्या मागणीने. समितीतल्या काहींना हे आवडलं नव्हतं, उद्घाटनाला रॅक रिकामे दिसतील म्हणाले. मला वाटतं रिकामे दिसू देत. आम्ही सात जणांनी बसून गावाला काय वाचायचंय ते सगळंच ठरवून टाकलं तर वर्षभराने निम्म्या पुस्तकांच्या तारीखपत्रिकेवर एकही शिक्का नसेल.

दुसरा भाग रॅकचा. लोखंडी घेतोय, कारण जाड पुस्तकांनी भरलेला कप्पा २०-२५ किलोपर्यंत जातो आणि भुशाच्या स्वस्त बोर्डाची ३ फुटांची फळी तेवढ्या वजनाने हळूहळू मधून वाकते, शिवाय ओल लागली की फुगते. पत्रा पातळ असला तर लोखंड पण वाकतं, म्हणून घेण्याआधी दुकानात कप्प्याच्या मध्यावर एका माणसाने दोन्ही हातांनी भार देऊन बघायचं असं ठरवलंय. रॅक भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही, चार बोटं जागा सोडायची म्हणजे हवा खेळते आणि ओल चढत नाही, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर, आणि वरून रॅक भिंतीला क्लॅम्पने बांधायचा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. खालचे दोन कप्पे लहान मुलांचे आहेत आणि मूल वरचं काही हवं असलं की कप्प्यावर पाय ठेवून चढतंच.

उरलेल्यात किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आहेत, पण पुस्तक टिकतं ते त्यांच्यावरच. प्रत्येक पुस्तकाला पारदर्शक जाड कव्हर, पाठीवर वर्गीकरणाची चिठ्ठी, आत तारीखपत्रिका, आणि दाखल नोंदवहीत एक ओळ. दाखल क्रमांक एकदा दिला की तो दुसऱ्या पुस्तकाला कधीच द्यायचा नाही, पुस्तक हरवलं तरी नाही, नाहीतर वर्षाच्या शेवटी मोजणी जुळतच नाही. ८०० पुस्तकांना मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, वही आणि कॉम्प्युटरवर एक साधा तक्ता पुरतो. दुरुस्तीला पांढरा गोंद, कागदी पट्टी आणि ब्रश. नेहमीचा चकचकीत सेलोटेप अजिबात नाही, तो काही वर्षांत पिवळा पडतो, त्याचा चिकटा पानात उतरतो आणि मग ते पान कायमचं गेलं. मुलांची पुस्तकं शक्य तिथे शिवण बांधणीची घेतोय, नुसत्या गोंदाने चिकटवलेली थोड्याच दिवसांत पानं पानं होऊन परत येतात. आणि कप्प्यामागे थोडे पैसे हरवणाऱ्या पुस्तकांसाठी बाजूला काढलेत.

मंत्रीसाहेब, या शेवटच्या वाक्यावर जरा थांबते. आमच्या गावात पूर्वी एक वाचनालय होतं. ते पुस्तकं नव्हती म्हणून बंद पडलं नाही. ते सांभाळणाऱ्या माणसाकडून हरवलेल्या पुस्तकाची भरपाई घ्यायचे. त्याला मिळायचं थोडंसं मानधन, ते पण उशिरा, आणि त्यातून कापून जायचं. मग त्याने जे कोणीही केलं असतं तेच केलं, कपाटांना कुलूप लावलं आणि पुस्तक घरी द्यायचं बंद केलं. लोक यायचे, काचेतून नावं वाचायचे आणि जायचे. त्या काळातली देवघेव वही माझ्याकडे आहे, तिच्यात आधी रोज तारीख आहे, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक, मग कोरी पानं. पण शेवटच्या मोजणीत पुस्तक एकही कमी नाही.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. वापरली की झिजणार, काही परत येणार नाहीत. तो वाचनालय चालवायचा खर्च आहे, सांभाळणाऱ्याचा गुन्हा नाही.

आता वर्गणीचं सांगते. वर्गणीचं ऑनलाइन पान सुरू केलं तेव्हा आम्ही तीन वेगळी उद्दिष्टं ठेवली होती, पुस्तकं, रॅक आणि ग्रंथपालाचं मानधन. पुस्तकांचं चार दिवसांत निम्मं भरलं, रॅकचं रडत रखडत, आणि मानधनाला मोजून अकरा जणांनी पैसे दिले. म्हणून तर पुस्तक आणि रॅक एकत्र करून कप्पा केला. त्यात मानधन पण घालून टाकावं असं एकाने सुचवलं होतं पण मी नको म्हणाले. कप्पा एकदाच घ्यायचा असतो, मानधन दर महिन्याला लागतं, आणि पहिल्या वर्षाचं कप्प्यात लपवलं तर दुसऱ्या वर्षी त्याच लोकांना पुन्हा काय म्हणून मागायचं? आज ४० पैकी ३१ कप्पे भरलेत. मानधनाचे पैसे सात महिने पुरतील एवढेच आहेत.

काम मोठं वाटत नाही, आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी तीन तास. वर्षाला हे ७८० तास होतात. हौसेवर करू म्हणणारे आमच्यात आहेत आणि सुरुवातीला ते करतील पण, पण कोणाची परीक्षा येते, कोणाचं शेतीचं काम, घरात आजारपण, आणि दोनदा येऊन दार बंद दिसलं की मूल तिसऱ्यांदा येत नाही. माझी खात्री आहे की चालू वाचनालय आणि बंद वाचनालय यातला फरक या ७८० तासांचा आहे, आणि वर्गणीतून नेमके हेच विकत घेता येत नाहीत.

ग्रंथालयांची जागतिक संघटना इफ्ला आणि युनेस्को यांचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा आहे, १९९४ चा, २०२२ मध्ये सुधारलेला. त्यात स्पष्ट आहे की सार्वजनिक ग्रंथालय ही स्थानिक आणि राष्ट्रीय शासनाची जबाबदारी आहे, त्याला कायद्याचा आधार आणि सरकारी पैसा हवा. आम्ही सगळा पैसा मागत नाही. पुस्तकं, रॅक, टेबल, दिवे, कव्हरं हे लोक देतायत.

तुमच्याकडे दोन गोष्टी मागतेय. आठव्या महिन्यापासून एका माणसाचं मानधन, दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, आणि ते पुस्तकांच्या संख्येवर न ठरवता दार किती दिवस उघडं होतं आणि देवघेव किती झाली यावर ठरवा, कारण संख्येवर ठरवलं की लोक पोत्यातली ती जुनी गाइडं पण दाखल करून घेतात. दुसरं, एक साधा लेखी आदेश, की रोजच्या देवघेवीत हरवलेली पुस्तकं ठरावीक मर्यादेपर्यंत समितीने नोंद करून कमी करावीत आणि त्याचे पैसे ग्रंथपालाकडून घेऊ नयेत. या दुसऱ्या गोष्टीला तर सरकारचा पैसाही लागणार नाही.

ग्रंथपाल म्हणून जिला विचारलंय ती पुस्तकांना कव्हर घालायला आत्तापासूनच रोज येते. तिने मला एकच विचारलं, पुस्तक हरवलं तर माझ्या पगारातून कापणार का? मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. तुमचं पत्र आलं की देईन.

आपली,
वाचनालयाच्या हिशेबाची वही लिहिणारी