डिपॉझिटच्या एकतीस हजारांवरून सुचलेले काम

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सरांची धाकटी कन्या परवा वाकडच्या फ्लॅटमधून बाहेर पडली, आणि त्या निमित्ताने जे घडले ते तुलाच लिहावेसे वाटले. कर्वेनगरच्या त्या कॉट बेसिसच्या खोलीत तू तीन वर्षे माझ्यासोबत काढली आहेस, त्यामुळे तुला फार समजावून सांगावे लागणार नाही. माझी पाठ आता बरी आहे. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्यवस्थित झाले.

चार मुलींनी मिळून दोन बेडरूमचा तो फ्लॅट घेतला होता. भाडे २८,००० आणि डिपॉझिट ८४,०००, म्हणजे प्रत्येकीचे २१,०००. घर सोडताना मालकांनी ३१,००० कापायचे ठरवले : रंगाचे १८,०००, चिमणीचे ६,५००, साफसफाईचे ४,००० आणि कपाटाच्या बिजागऱ्यांचे २,५००. सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मी त्याच संध्याकाळी वाकडला गेलो. घर ताब्यात घेताना कोणीच काही लिहून ठेवलेले नव्हते. मात्र या मुलीने राहायला आल्याच दिवशी आईला घर दाखवावे म्हणून एक लांबलचक व्हिडिओ काढून औशाला पाठवला होता, आणि आईने तो जपून ठेवला होता. त्यात बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ओलीचा पिवळा डाग स्पष्ट दिसतो, आणि चिमणीचे बटण दाबल्यावर दिवा लागतो पण पंखा फिरत नाही, हेही दिसते. तो व्हिडिओ मालकांसमोर ठेवल्यावर त्यांनी चिमणीचे पैसे सोडले आणि रंगाचे फक्त ८,००० घेतले. म्हणजे १६,५०० वाचले. उरलेली कपात मला योग्य वाटली, कारण हॉलच्या भिंतीवर चिकटपट्ट्यांनी खरोखर पापुद्रे निघालेले होते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार आहे. गावाकडून नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींसाठी डबा, लाँड्री, खोली शोधून देणे, असे सगळे सुचवणारे पुष्कळ भेटतात आणि ती कामे करणारेही आहेत. परंतु घराचा ताबा घेताना आणि सोडताना भाडेकरूच्या बाजूने उभा राहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एजंट एक महिन्याचे भाडे घेऊन बाजूला होतो. करार करून देणारा घरी येतो, आधार क्रमांक आणि अंगठे घेतो आणि निघून जातो. ज्या मुलाचे या शहरात कोणी नातेवाईक नाहीत, त्याच्यासोबत घर पाहायला काका किंवा मामा येत नाहीत, आणि त्याचा पहिला पगार होण्याआधीच वडिलांनी साठवलेले पैसे डिपॉझिटमध्ये अडकतात.

काम मी असे योजले आहे. ताबा घेण्याच्या दिवशी दीड-दोन तास घरात घालवायचे. प्रत्येक नळ सोडून पाहायचा, गीझर दहा मिनिटे चालू ठेवायचा, खिडक्यांच्या कड्या लावून पाहायच्या, भिंतींवर ओल शोधायची, आणि महावितरणच्या मीटरचे आकडे दिसतील असा फोटो घ्यायचा, म्हणजे आधीच्या माणसाचे बिल नव्याच्या माथी बसत नाही. ही सगळी यादी करारातल्या सामानाच्या परिशिष्टात जायला हवी. त्या जागी बहुतेक करारांत ‘पंखे चार, ट्यूब चार’ एवढेच लिहिलेले असते, पंखा फिरतो की नाही हे लिहिलेले नसते. रंगाचा खर्च कधी आणि किती द्यायचा, हेही त्याच दिवशी आकड्यांत लिहून घ्यायचे. घर सोडण्याच्या महिनाभर आधी पुन्हा एक फेरी करायची, म्हणजे दोनशे रुपयांत दुरुस्त होणाऱ्या बिजागरीचे अडीच हजार होत नाहीत.

नोंदणीबद्दल तू मागे माझ्याशी वाद घातला होतास, पण भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधले कलम ५५ तूच मला वाचून दाखवले होतेस. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही. वाकडच्या घराचे अकरा महिन्यांचे भाडे ३,०८,००० आणि डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेले व्याज ७,७००, या बेरजेवर पाव टक्का म्हणजे साधारण ७९० रुपये मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. चौघांत वाटले तर हा खर्च डब्याच्या आठवड्याभराच्या पैशांहून कमीच पडतो.

खरी गुंतागुंत मात्र त्या चार जणींच्या आपसातल्या व्यवहारात आहे. करारावर दोघींचीच नावे होती. एक मुलगी सहा महिन्यांनी बंगळूरला गेली, तेव्हा तिच्या जागी आलेल्या मुलीने तिचे २१,००० थेट तिला दिले. मालकांना त्याची गंधवार्ता नव्हती. म्हणजे डिपॉझिट हातोहात फिरत राहते, आणि शेवटी जी आत असते तिच्या वाट्याला आधीच्या सगळ्यांनी केलेले नुकसान येते. कागदावर नाव नसल्यामुळे तिला मालकांकडे मागताही येत नाही. म्हणून दर वेळी माणूस बदलला की त्या खोलीचे नवे फोटो, दिलेली रक्कम आणि मालकांची व्हॉट्सॲपवरची लेखी संमती, असा एक पानाचा कागद करून द्यावा, असे माझ्या मनात आहे. या सेवेतला सर्वांत उपयोगी भाग मला हाच वाटतो.

आता माझी काळजी सांगतो. ताब्याचे १,५०० आणि सोडतानाचे १,५०० घ्यावेत असा हिशेब आहे. पण पुण्यात सगळी घरे महिन्याच्या अखेरीस आणि एक तारखेला बदलतात. त्या तीन दिवसांत एका माणसाच्या हातून दिवसाला तीन, म्हणजे नऊच घरे होतील, आणि उरलेला महिना जवळजवळ रिकामा जाईल. नऊ घरांचे साडेतेरा हजार येतात, त्यात पेट्रोल गेले. एवढ्यावर नोकरी सोडता येणार नाही. जुना भाडेकरू पंचवीस तारखेलाच गेला असेल तर तपासणी आधी उरकता येते, आणि घर सोडणाऱ्याची नोटीस महिनाभर आधी लागते, त्यामुळे ती कामे मधल्या दिवसांत पसरता येतात. तरीही जून ते ऑगस्टमध्ये, नवी भरती रुजू होते तेव्हा, दुसरा माणूस लागेलच.

एका एजंटाने मला दर गिऱ्हाइकामागे २,००० देऊ केले आहेत. तू म्हणशील, घे. मेसच्या मावशींकडे आपण दोघे यावरूनच भांडलो होतो आणि जेवणाचे ताट तसेच राहिले होते. तुझे म्हणणे होते की पैसा दोन्हीकडून आला तरी काम चोख करता येते. मला ते आजही पटत नाही. एजंटाचे पैसे घेतले की भिंतीवरची ओल दिसूनही मी मुलाला ‘हे घर घेऊ नकोस’ असे सांगायला कचरेन. त्यापेक्षा छोट्या कंपन्यांना भेटून, नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक माणसामागे ही फी त्यांनी भरावी, असे सुचवायचा विचार आहे. डिपॉझिटच्या व्यवहारात त्यांचा काही संबंध नसतो, त्यामुळे माझी बाजू बदलत नाही.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. साधारण वापराने होणारी झीज भाडेकरूकडून वसूल करता येणार नाही, असे सांगणारे कलम सोप्या मराठीत, मालकालाही खटकणार नाही अशा भाषेत लिहून दे. आणि खोलीतला माणूस बदलतानाच्या त्या एक पानी कागदाचा मसुदा तपासून पाठव, तो सोबत जोडला आहे. या महिनाअखेरीस तीन घरांचे ताबे ठरले आहेत, त्यांपैकी एक आपल्या लायब्ररीवाल्या काकांच्या नातवाचा आहे, तेव्हा पंचवीस तारखेच्या आत उत्तर आले तर बरे होईल.

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? कोर्टातले ते जमिनीचे प्रकरण कुठवर आले, तेही कळव. वहिनींना नमस्कार, चिमुकलीला आशीर्वाद.

तुझा मित्र